आहेत, आणि नाहीतही: स्मृतिभ्रंशाच्या घरी पाठवायचे पत्र

माणूस घरात आहे, त्याचा पलंग खिडकीजवळ आहे, त्याला दोन वेळा भरवले जाते, त्याचे कपडे वाळत घातलेले दिसतात. पण आपण कोण, समोरची बाई बायको की बहीण, हे घर कोणाचे, यातले काहीच त्याच्यापाशी उरलेले नाही. अशा माणसाच्या घरच्यांना जे सोसावे लागते त्याला मानसशास्त्रात ‘ॲम्बिग्युअस लॉस’ म्हणतात. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस गमावला आहे हे खरे, आणि गमावलेला नाही हेही तितकेच खरे, अशी ही अवस्था असते. मृत्यूच्या दुःखाला निदान सुरुवात तरी असते. या दुःखाची सुरुवात कधी झाली, हे घरातल्या चौघांना विचारले तर चार उत्तरे येतात.

ही संकल्पना मांडली अमेरिकेतील कुटुंबशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी. १९७०च्या दशकात त्या व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या घरांकडे लक्ष वळवले आणि १९९९ साली या विषयावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी या वियोगाचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात देह नाही, पण माणूस मनात जिवंत आहे. दुसऱ्यात देह समोर आहे, पण ओळखीचा माणूस त्यात सापडत नाही.

पहिला प्रकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर पार्वतीबाईंचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊंचा तोतया इतकी वर्षे लोकांच्या मनात घर करू शकला आणि १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत ते प्रकरण चालले, यामागे हीच संदिग्धता होती. अशा वियोगासाठी समाजाने निदान काही वाटा काढून ठेवल्या. देह न सापडलेल्या माणसासाठी पळसाची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधी आहे. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत समजावा, असे पुराव्याचा कायदा सांगतो. दुसऱ्या प्रकारासाठी मात्र ना विधी आहे ना कायद्याची मुदत. सुतक नाही, दहावा-तेरावा नाही, भेटायला येणाऱ्यांची रीघ नाही. आणि पत्रही नाही.

पत्र नसण्याचे कारण साधे आहे. मराठीत दुःखाच्या पत्राला ठरलेला साचा होता. मृत्यूची वार्ता देणाऱ्या पोस्टकार्डावर ‘श्री’ लिहीत नसत. त्याच्या उत्तराला जे सांत्वनाचे पत्र जाई, त्यातली वाक्येही पिढ्यान्‌पिढ्या तीच असत. बातमी कळली की आठवड्याच्या आत पत्र जायचे. आजाऱ्याला लिहायच्या पत्राचाही साचा होता: प्रकृतीस आराम पडो, लवकर बरे व्हा. पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशाला यातले एकही लागू पडत नाही. माणूस गेलेला नाही म्हणून सांत्वन अशुभ वाटते, आणि बरा होणार नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे आरामाच्या शुभेच्छा पोकळ वाटतात. अमुक दिवशी लिहावे असे सांगणारी तारीखही नसते. त्यामुळे आप्तस्नेही थांबतात, वर्ष जाते, मग इतक्या उशिरा काय लिहायचे म्हणून लाज वाटते. अखेर कधीतरी व्हॉट्सॲपवर चार ओळी जातात.

त्या चार ओळी बहुतेक घरांत सारख्याच येतात. त्या नीट पाहण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. साताऱ्यात राहणाऱ्या माई, वय ७९, निवृत्त गणित शिक्षिका. अल्झायमरचे निदान नऊ वर्षांपूर्वी झाले. आता चालणे थांबले आहे, बोलणे दोन-तीन शब्दांवर आले आहे. पती अण्णा ८४ वर्षांचे. मुलगा बँकेत, सून घरी. सगळे करणे सुनेकडे, मदतीला ब्युरोतून येणाऱ्या मावशी दिवसभरासाठी. मुलगी टोरंटोला. लिहिणारा माईंचा एके काळचा विद्यार्थी आणि शेजारी, आता कोल्हापुरात. त्याने सुनेला पाठवलेला निरोप असा:

‘वहिनी, माईंबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. आता कोणाला ओळखतात का? किती हुशार होत्या! देवाच्या मनात असेल तसं होईल. अक्रोड आणि ब्राह्मी देऊन बघा, माझ्या मामांना गुण आला. तुम्ही खूप करताय. काही लागलं तर नक्की सांगा.’

यात वाईट हेतू कुठेच नाही. तरीही यातले जवळपास प्रत्येक वाक्य चुकीच्या जागी लागते. ते का, हे कळायला आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नेमके काय घडते हे माहीत असावे लागते.

‘कोणाला ओळखतात का?’ हा प्रश्न सुनेला महिन्यातून दहादा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याला त्याचे उत्तर हो किंवा नाही असे हवे असते, आणि घरात ते तसे नसते. ओळख एकदम जात नाही, तिचे थर निघत जातात. आधी नाव जाते, मग नाते जाते, मग हा चेहरा आपल्यातला की परका एवढेच उरते. त्याच्याही खाली आवाजाची सवय आणि स्पर्शाचा ओळखीचेपणा असतो. सून अंग पुसताना माईंचे हात सैल पडतात आणि नव्या मावशींनी धरले की ताठ होतात. याला ओळखणे म्हणायचे की नाही, हे सुनेलाही ठरवता येत नाही. नेमकी ही अनिश्चितताच तिला पोखरत असते, आणि प्रश्न तिच्याकडून निकाल मागतो.

नाव विसरले म्हणजे भावनाही विसरली, असे नाही याला थोडा पुरावा आहे. आयोवा विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी करणारे चित्रपटांचे तुकडे दाखवले. काय पाहिले ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण त्यातून आलेली उदासी किंवा बरे वाटणे त्यानंतरही टिकून राहिले. अर्थात हे रुग्ण प्रश्नांची उत्तरे देण्याइतपत बरे होते. माईंसारख्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. म्हणून ‘त्यांना आतून सगळं कळतं’ असे पत्रात ठामपणे लिहिणेही चूकच. घरच्यांना ते ऐकावेसे वाटते, पण ज्या रात्री माई सुनेला ढकलून देतात त्या रात्री तेच वाक्य तिला टोचते. सगळे कळत असेल तर मग हे काय?

‘किती हुशार होत्या!’ इथे अडचण व्याकरणाची आहे. मराठीत ‘होत्या’ हे क्रियापद माणूस जिवंत असताना त्याच्याविषयी वापरले की कानाला लगेच खटकते. मृत्यूच्या बातमीतही पहिल्यांदा बदलते ते हेच क्रियापद. घरातल्या माणसाच्या तोंडून ते अनवधानाने निघते तेव्हा सगळे क्षणभर गप्प होतात, आणि बोलणाऱ्याला अपराधी वाटते. पाहुण्याने ते बिनदिक्कत लिहिणे म्हणजे घराने अजून न घेतलेला निर्णय परस्पर जाहीर करणे. पण म्हणून ‘माई फार हुशार आहेत’ असे लिहिले तर ते खोटे ठरते आणि वाचणाऱ्याला कीव वाटते. यातून वाट आहे. माणूस कसा ‘होता’ हे न सांगता त्याने काय केले ते सांगायचे. ‘माईंनी मला अपूर्णांक शिकवले’ या वाक्यातला भूतकाळ कुणाला लागत नाही, कारण ते घडून गेलेले आहे आणि कोणताही आजार ते परत घेऊ शकत नाही. ‘शिकवले’, ‘आणले’, ‘रागावल्या’ ही क्रियापदे सुरक्षित आहेत. ‘होत्या’ जपून वापरावे.

देवाच्या मनात काय आहे, या वाक्यात एक झाकलेली गोष्ट असते. या टप्प्यावर घरातल्या माणसांच्या मनात ‘आता सुटल्या तर बरं’ हा विचार येऊन गेलेला असतो. बहुधा तो ज्याने सर्वांत जास्त केले त्याच्या मनात आधी येतो, आणि त्यानंतर येणारी शरम त्याच्याच वाट्याला येते. बॉस यांच्या मते प्रेम आणि सुटकेची इच्छा एकाच वेळी असणे ही या वियोगाची नेहमीची खूण आहे, तो कृतघ्नपणा नाही. पत्रलेखकाने मात्र तो विचार स्वतः उच्चारू नये. घरातल्याने म्हटले तर ते ऐकायचे असते. बाहेरच्याने ‘देव त्यांना लवकर नेवो’ असे लिहिले की घरातला माणूस विरोधी पक्षात जाऊन बसतो आणि मनातले बोलण्याची वाट बंद होते.

अक्रोड आणि ब्राह्मीचा सल्ला किरकोळ वाटतो, पण तो पत्र कधी लिहिले जात आहे याचे भान सुटल्याची खूण आहे. आजाराचा शेवटचा टप्पा म्हणजे नेमके काय, हे न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ बॅरी रायसबर्ग यांच्या मापनपट्टीत चांगले दिसते. तिच्या सात पायऱ्यांपैकी सातव्या पायरीवर माणूस दिवसभरात अर्धा डझन कळतील असे शब्द बोलतो. मग एकच शब्द उरतो. त्यानंतर चालणे जाते, आधाराशिवाय बसणे जाते, मग हसू जाते आणि शेवटी मान धरणे. बाळ ज्या क्रमाने हे शिकते त्याच्या जवळपास उलट क्रमाने ते जाते. गिळण्याचे स्नायू केव्हा आणि कसे चालावेत याची मेंदूकडून येणारी सूचना बिघडते. घास तोंडात तसाच राहतो, पाणी श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो. त्यातून फुप्फुसात संसर्ग होतो. अशा घरात अक्रोड हा गिळण्याचा धोका आहे, औषध नव्हे.

पत्र लिहिणाऱ्याने हे जाणून घ्यायचे ते घरच्यांना शिकवण्यासाठी नाही, गप्प कुठे बसायचे ते कळावे म्हणून. बोस्टन परिसरातल्या २२ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेतलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण गेले आणि सुमारे ८६ टक्क्यांना खाण्यागिळण्याचा त्रास झाला. म्हणजे गिळणे बिघडणे हा घरच्यांच्या हलगर्जीपणाचा परिणाम नसून आजाराचीच वाटचाल आहे. नाकातून किंवा पोटातून नळी घालून अन्न दिल्याने या टप्प्यावर आयुष्य वाढते किंवा फुप्फुसाचा संसर्ग टळतो, असे दिसून आलेले नाही. अमेरिकेतील वृद्धारोग्यतज्ज्ञांची संघटना त्याऐवजी हाताने, सावकाश, छोट्या घासांनी भरवण्याची शिफारस करते. माईंच्या घरी हा निर्णय महिनाभर चर्चेत आहे. टोरंटोच्या मुलीला नळी हवी आहे, सुनेला नको आहे, अण्णा दोघींचे ऐकून गप्प बसतात. बाहेरून आलेले ‘चांगल्या मोठ्या दवाखान्यात हलवून बघा’ हे एक वाक्य या घरात एका बाजूचे मत होऊन बसते. त्याच अभ्यासात असेही दिसले की पुढे काय होणार हे ज्या नातेवाइकांना नीट समजले होते, त्यांच्या माणसांच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार कमी झाले. समजावून सांगण्याचे हे काम मात्र डॉक्टरांचे आहे, पत्राचे नव्हे.

उरली शेवटची दोन वाक्ये. ‘तुम्ही खूप करताय’ हे खरे असते, पण त्यातून काय केले ते दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोनेक तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक घास गिळला जाईपर्यंत थांबून भरवायचे तर एका जेवणाला पाऊण तास जातो. हे ज्याने पाहिले आहे तो ‘खूप’ या शब्दावर थांबत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याने मदतीचा भार मदत घेणाऱ्यावरच पडतो. काय लागेल ते आठवायचे, ते मागण्यासारखे आहे का ते ठरवायचे, मग फोन करायचा. ज्याला झोप मिळत नाही तो यातले काहीच करत नाही, आणि देणारा आपण सांगून ठेवले या समाधानात राहतो.

पत्र कोणाच्या नावाने जाते, हा मुद्दा या निरोपात दिसत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पत्राचा मायना घरातल्या ज्येष्ठाच्या नावाने असतो आणि स्तुती मुलाची होते, ‘आईची सेवा करतोस, पुण्य लागेल’ अशी. अंघोळ घालणारी सून त्या ओळीत नसते. मावशींचे नाव तर कुठेच नसते. शिवाय एकाच घरातली माणसे या वियोगात वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात. अण्णांच्या लेखी माई अजून आजारी आहेत. दिवसभराच्या बातम्या ते त्यांना अजूनही वाचून दाखवतात. मुलीने दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर आईच्या नजरेत काहीच न दिसल्यावर मनातून निरोप घेतला आहे, आणि त्याची तिला बोच आहे. सुनेला या दोन्हीसाठी फुरसत नाही. बॉस यांना अल्झायमरच्या कुटुंबांत असे दिसले की सांभाळणाऱ्याची खिन्नता आजार किती वाढला यापेक्षा तो त्या माणसाला ‘आहे’ मानतो की ‘नाही’ आणि त्यात किती गोंधळ आहे यावर जास्त अवलंबून असते. चौघांना एकच ओळ लागू पडेल, अशी अपेक्षा म्हणूनच करू नये. एक पत्र सगळ्यांना लिहायचे असेल तर त्यात ‘आहे’ की ‘नाही’ याचा निवाडा नसावा. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असे ते असावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात हा अवघड समतोल पाहायला मिळतो. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री उभे केले आहेत. हत्तीच्या मागे चालत ते हरवतात आणि माहुताच्या बायकोला आई म्हणू लागतात. अमृता सुभाष यांनी रंगवलेली ही बाई त्यांना पूर्वी कधीच भेटलेली नाही, त्यामुळे तिला त्यांच्यातले काही हरवलेले दिसत नाही. समोर आहे त्या माणसाला ती भरवते. मुलीला मात्र एकाच चेहऱ्यात दोन माणसे दिसतात, एक बाप आणि एक बाप नसलेला. पत्रलेखकाची जागा या दोघींच्या मध्ये कुठेतरी असते. त्याला जुना माणूस आठवतो, आणि आजचा माणूस सांभाळायची पाळी त्याच्यावर नाही.

आता तोच विद्यार्थी पुन्हा लिहायला बसला, असे समजू. यावेळी कागदावर, कारण फोनवरच्या निरोपाला निळी खूण दिसताच उत्तर द्यावे लागते आणि कागदाला ते बंधन नसते.

‘ती. स्व. अण्णा, वहिनी, दादा आणि ताई,
शि. सा. न. वि. वि.

माईंचं आता बोलणं जवळपास थांबलं आहे, हे मला दादाकडून कळलं. खरं तर वर्षभरापूर्वीच कळलं होतं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं नाही. ते चुकलं.

एक गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. मी पाचवीत असताना माई आम्हा सहा मुलांना एसटीने वाईला घेऊन गेल्या होत्या. तिकिटं मिळाल्यावर त्यांनी आमच्याकडून नंबरांतल्या आकड्यांच्या बेरजा करून घेतल्या. ज्याची बेरीज नवाने भागली जाईल त्याला खिडकीची जागा. माझी नव्हती भागली. मी रडकुंडीला आलो तेव्हा त्यांनी स्वतःचं तिकीट माझ्या तिकिटाशेजारी धरलं आणि म्हणाल्या, आता दोघांची मिळून कर. आजही मी तिकिटावरचा नंबर नकळत भागून बघतो.

वहिनी, मागच्या दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही माईंना भरवत होतात. एक घास खाली जाईपर्यंत दुसरा उचलत नव्हतात. मी चहा पिऊन निघालो तरी अर्धी वाटी बाकी होती. मावशींनाही माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या शनिवारी दादाला बँकेची सुट्टी असते, म्हणून मी त्या दिवशी सकाळी दहाला येत जाईन आणि दोनपर्यंत थांबेन. कुशीवर वळवायला दादा आणि मी असू. वहिनी, ते चार तास तुमचे. नको असेल त्या महिन्यात दादाने फक्त “नको” एवढंच कळवावं. या पत्राला उत्तर देऊ नका.

आपला,
(नाव)’

या पत्रात काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. परिस्थिती एका वाक्यात, विशेषणाशिवाय मान्य केली आहे. माई गेल्या असेही म्हटलेले नाही आणि बऱ्या होतील असेही नाही. उशीर झाला हे कबूल केले आहे, पण त्याची कारणे सांगत बसलेले नाही, कारण मग घरच्यांनाच लिहिणाऱ्याची समजूत घालावी लागते. आठवण घरच्यांपाशी नसलेली निवडली आहे. स्मृतिभ्रंशाच्या घरात आठवणींचा मोठा साठा स्वतः आजाऱ्याकडेच असतो आणि तो नष्ट होत असतो. बाहेरून आलेली एक नवी गोष्ट त्या साठ्यात भर घालते. ती ताईला वाचता येते, आणि अण्णांना माईंच्या कानाशी वाचून दाखवता येते. ‘फार प्रेमळ’, ‘देवमाणूस’ यांसारखे शब्द घातले असते तर ते पत्र कोणत्याही शिक्षिकेला चालले असते. तिकिटाच्या नंबराचे पत्र एकाच घरात जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट टाळली आहे. बोटांनी पदराचे काठ चाळण्याची सवय अशा रुग्णांत बऱ्याचदा दिसते. माईंची ती सवय पाहून ‘अजून बेरजाच करत असतील’ असे लिहिण्याचा मोह होऊ शकतो. वाक्य गोड आहे, पण ते लिहिणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचे कौतुक करते. घरच्यांना कदाचित ते आवडेल, कदाचित वेदना होतील. आजच्या माईंच्या मनात काय आहे, हे सांगण्याचा अधिकार घरच्यांचा आहे आणि तेही तो जपून वापरतात.

मदतीच्या परिच्छेदात वार आहे, वेळ आहे, काम आहे, आणि नाकारण्याची सोपी रीत आहे. ती जबाबदारी सुनेवर न टाकता दादावर टाकली आहे, हेही मुद्दाम. आपल्या घरांत सुनेने पाहुण्याला ‘येऊ नका’ म्हणणे अवघड असते. इथे पाळण्यासारखी मर्यादा अशी की जे कायम जमणार नाही ते लिहू नये. दर शनिवारचे वचन देऊन तिसऱ्या शनिवारी न आलेला माणूस, काहीच न लिहिणाऱ्यापेक्षा जास्त दुखावतो, कारण तेवढ्या वेळात सुनेने त्या चार तासांवर आपला दवाखाना, बँक, केस कापणे असे काहीतरी बेतलेले असते.

पत्र केव्हा लिहावे, याला ठरलेली तिथी नसली तरी घरातल्या काही घटना तिथीसारख्या असतात. निदान, गाडीच्या किल्ल्या काढून घेणे, घराच्या दाराला आतून कडी बसवणे, नाव विसरणे, पलंगाला कठडा लावणे, पहिला न्यूमोनिया, शुश्रूषागृहात ठेवणे. यांतल्या शेवटच्या घटनेला सर्वांत जास्त शांतता पसरते, कारण ‘आईला बाहेर ठेवलं’ याचा न्याय गावाने आधीच केलेला असतो. भारतात साठीपुढच्या वयात सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातले बहुतेक घरीच सांभाळले जातात, त्यामुळे ज्या घराने बाहेर ठेवले ते एकटे पडते. त्या आठवड्यात गेलेले, निर्णयावर काहीही न बोलणारे आणि फक्त माईंना तिथे भेटायची वेळ विचारणारे पत्र उपयोगी पडते.

पत्र पोहोचले आणि उत्तर आले नाही, तर ते बिघडल्याचे लक्षण नाही. बिघडल्याची खूण वेगळी असते: घरून लगेच लांब उत्तर येते, त्यात सगळे उपचार ओळीने दिलेले असतात, आम्ही अमुक डॉक्टरांनाही दाखवले, तमुकही करून झाले. असे उत्तर आले म्हणजे पत्रात कुठेतरी सल्ला किंवा ठपका वाचला गेला. मग खुलासा करणारे दुसरे लांब पत्र पाठवू नये. चारच ओळी पाठवाव्यात, आणखी एक आठवण सांगणाऱ्या.

शेवटी माई जातात तेव्हा सांत्वनाच्या पत्राचा जुना साचा पुन्हा उपलब्ध होतो आणि सगळे त्याकडे धावतात. त्यातले ‘सुटल्या’ हे वाक्य येणारे पाहुणे दिवसभर म्हणतच असतात, त्यामुळे पत्रात त्याची गरज उरत नाही. नऊ वर्षे थोडेथोडे रडून झालेल्या घरात त्या दिवशी डोळे कोरडे असू शकतात आणि सुनेला त्याचीच लाज वाटू शकते. तिच्या दिवसाची सगळी घडी माईंच्या कुशी वळवण्याभोवती बसलेली असते. तेराव्यानंतर मावशी दुसऱ्या घरी जातात, भाड्याने आणलेला पलंग परत जातो आणि दुपारी दोन वाजता तिला हाक येत नाही. विद्यार्थ्याचे दुसरे पत्र मृत्यूच्या आठवड्यात न जाता त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारच्या आधी जाते. त्यात एवढेच असते की या शनिवारीही तो सकाळी दहाला येणार आहे, वहिनी आणि अण्णा म्हणतील तर सगळे मिळून एसटीने वाईला जाऊन येऊ.